सात पोपट की अठ्ठावीस? रेंडरमधल्या वॉलपेपरचं खरं माप

“ताई, तुमच्या चित्रात सात पोपट होते. इथे मोजा, अठ्ठावीस आहेत.”

पलंगामागच्या भिंतीवर वॉलपेपर लावून झाला होता, कारागीर हत्यारं आवरत होते आणि घराच्या मालकीणबाई माझ्याकडे बघत होत्या. वॉलपेपर तोच होता, कॅटलॉगमधला नंबर तोच होता, रंगही तेच. पण मी दाखवलेल्या रेंडरमध्ये, म्हणजे संगणकावर बनवलेल्या खोलीच्या चित्रात, पोपट आणि डाळिंबं मोठी, मोकळी, ऐसपैस होती आणि भिंतीवर मात्र दाटीवाटीचं बारीक काम दिसत होतं. चूक माझीच होती. नमुन्याच्या फोटोत रोलच्या दोन पट्ट्या शेजारी शेजारी आहेत असं धरून मी त्या चित्राला १०६ सेंटिमीटर रुंदी दिली. फोटोत होती एकच पट्टी, ५३ सेंटिमीटरची. रुंदी दुप्पट झाली, तिच्या जोडीने उंचीही दुप्पट झाली, आणि जिथे चार पोपट बसायला हवे होते तिथे एक बसला. अठ्ठावीसचे सात असे झाले.

यात एकही पोपट ताणलेला नव्हता. प्रत्येकाचा आकार बरोबर होता, म्हणूनच ती चूक कुणाच्या डोळ्याला दिसली नाही. रेंडरमध्ये वॉलपेपर दोन तऱ्हांनी बिघडतो. एक, आकार बिघडतो: गोल फूल अंड्यासारखं होतं. दोन, माप बिघडतं: फूल गोलच राहतं, पण खऱ्यापेक्षा मोठं किंवा लहान होतं. पहिली चूक कुणालाही खटकते. दुसरी चूक पैसे खर्च झाल्यावर कळते. दोन्हींचं मूळ एकच आहे आणि दोन्हींवर उपायही एकच.

चित्राला स्वतःचं माप नसतं

संगणकाला दिलेलं वॉलपेपरचं चित्र म्हणजे नुसते ठिपके, पिक्सेल. ते खऱ्या जगात किती सेंटिमीटरचं आहे हे त्या चित्राला माहीत नसतं, ते आपण सांगायचं असतं. सांगितलं नाही तर सॉफ्टवेअर आपल्या मनाने काहीतरी धरतं, आणि पुष्कळदा ते एकच चित्र अख्ख्या भिंतीवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ताणून बसवतं.

माझ्याच त्या भिंतीचा हिशोब करू. भिंत १२ फूट रुंद, म्हणजे ३६६ सेंटिमीटर. फॉल्स सीलिंग ९ फुटांवर, म्हणजे २७४ सेंटिमीटर. वॉलपेपरचा एक पूर्ण नमुना ५३ सेंटिमीटर रुंद आणि ६४ सेंटिमीटर उंच. हे एक चित्र भिंतभर ताणलं तर रुंदी जवळजवळ सातपट होते आणि उंची सव्वाचारपट. म्हणजे २० सेंटिमीटरचं गोल डाळिंब १३८ सेंटिमीटर रुंद आणि ८६ सेंटिमीटर उंच होऊन आडवं पसरतं. इतकी ढोबळ चूक कुणी सोडणार नाही. पण मग ती “दुरुस्त” करताना जे होतं ते जास्त घातक आहे. माणूस अंदाजाने आडवे पाच आणि उभे चार तुकडे करतो, डोळ्याला बरं दिसेपर्यंत आकडे हलवतो आणि थांबतो. आता डाळिंब खऱ्यापेक्षा किती रुंद आहे आणि किती उंच, हे कुणालाच सांगता येत नाही.

म्हणून प्रश्न उलटा विचारायचा. “या भिंतीवर हे चित्र कसं बसवू?” असं न विचारता “या वॉलपेपरचा एक नमुना किती सेंटिमीटरचा आहे?” असं विचारायचं. चित्राला ते माप द्यायचं आणि भिंतीला तिचं. मग भिंतीवर किती पोपट दिसतील हे आपण ठरवायचं नसतं, ते आपोआप ठरतं. खोली मोठी असेल तर पोपट जास्त दिसतात, मोठे दिसत नाहीत. सगळ्या विषयाची मेख इथे आहे.

माप कुठून आणायचं

आपल्याकडे दुकानात सर्वांत जास्त दिसणारा रोल ५३ सेंटिमीटर रुंद आणि साधारण १० मीटर लांब असतो. दुकानदार त्याला २१ इंच बाय ३३ फूट किंवा ५७ चौरस फुटांचा रोल म्हणतात. १०६ सेंटिमीटर रुंदीचे कोरियन रोलही मिळतात, म्हणून रुंदी गृहीत धरू नका, विचारा. (मी गृहीत धरली आणि काय झालं ते वर आलंच आहे.)

उभं माप, म्हणजे नमुना किती सेंटिमीटरनंतर पुन्हा सुरू होतो ते, कॅटलॉगच्या पानामागे किंवा रोलच्या लेबलवर छापलेलं असतं. यालाच रिपीट म्हणतात. नुसतं ६४ लिहिलं असेल तर शेजारच्या पट्टीवरचा पोपट त्याच उंचीवर येतो. ६४/३२ असं लिहिलं असेल तर रिपीट ६४ चा आहे, पण शेजारची पट्टी ३२ सेंटिमीटर खाली सरकवून लावायची आहे. पहिल्या पट्टीवरच्या दोन पोपटांच्या बरोबर मधल्या उंचीवर दुसऱ्या पट्टीवरचा पोपट येतो. बाण काढलेले असतात त्यांचाही अर्थ हाच: समोरासमोर बाण म्हणजे सरळ जोड, वरखाली बाण म्हणजे सरकवलेला जोड.

लेबल नसेल तर टेप लावा. एका पोपटाच्या चोचीपासून वरच्या त्याच पोपटाच्या चोचीपर्यंत उभं मोजा, मग तसंच आडवं. “तोच पोपट” हे नीट बघा. अनेक डिझाइनमध्ये दोन पोपट एकसारखे वाटतात, पण एकाची मान डावीकडे असते आणि दुसऱ्याची उजवीकडे. ते वेगळे आहेत, आणि मग रिपीट दुप्पट होतो.

सरकवलेला जोड: इथे बहुतेक जण फसतात

माझ्या पोपटांचं लेबल ६४/३२ होतं. अशा वॉलपेपरची एकच पट्टी कापून रेंडरमध्ये टाकली तर सॉफ्टवेअर ती शेजारी शेजारी सरळ लावतं, कारण त्याला ३२ सेंटिमीटर सरकवायचं असतं हे माहीत नाही. परिणाम असा की सगळे पोपट कवायतीला उभे राहिल्यासारखे एका ओळीत येतात आणि प्रत्येक ५३ सेंटिमीटरवर डहाळी तुटलेली दिसते. प्रत्यक्षात भिंतीवर हेच डिझाइन तिरपं, वाहतं दिसणार असतं.

उपाय म्हणजे दोन पट्ट्यांची मिळून एक टाइल करायची. एका पट्टीचं चित्र घ्या. प्रत्येक सेंटिमीटरला २० पिक्सेल धरले तर ते १०६० पिक्सेल रुंद आणि १२८० पिक्सेल उंच हवं. एवढी बारकाई पुरते: १२ फुटांची भिंत जिथे चित्रभर दिसते अशा ४के रेंडरमध्ये एका सेंटिमीटरच्या वाट्याला साधारण १० पिक्सेल येतात. आता या चित्राची प्रत काढा आणि ती उभ्या दिशेने ६४० पिक्सेल सरकवा, अशा रीतीने की खालून बाहेर गेलेला भाग वरून आत येईल. फोटोशॉपमध्ये हे `Filter > Other > Offset` मध्ये `Wrap Around` निवडून होतं. गिंपमध्ये `Layer > Transform > Offset` मध्ये तशीच सोय आहे. ही सरकवलेली प्रत मूळ पट्टीच्या उजवीकडे चिकटवा. २१२० बाय १२८० पिक्सेलची टाइल तयार झाली, आणि तिचं खरं माप १०६ बाय ६४ सेंटिमीटर. ही टाइल कितीही वेळा सरळ लावली तरी जोड बरोबर जुळतो.

स्केचअपमध्ये माप देताना

आपल्याकडे इंटिरिअरची बरीच कामं स्केचअपवर होतात, म्हणून तिथली रीत सांगते. टाइल मटेरियल म्हणून घेतली की `Materials` च्या `Edit` मध्ये रुंदी आणि उंचीच्या दोन चौकटी असतात आणि त्यांच्याशेजारी साखळीचं चिन्ह. ती साखळी जोडलेली असेल तर एक आकडा बदलला की दुसरा प्रमाणात बदलतो. साखळी तोडली की दोन्ही स्वतंत्र होतात, आणि आकार बिघडायची वाट मोकळी होते.

साखळी जोडलेलीच ठेवा आणि रुंदीत फक्त `106cm` टाका. मग उंचीच्या चौकटीत काय येतं ते बघा. ६४ आलं तर टाइल बरोबर कापली आहे. ७४.२ आलं तर? मग तुमचं चित्र १००० बाय ७०० अशा प्रमाणाचं आहे, म्हणजे कापताना वर किंवा खाली नमुन्याच्या पलीकडचा भाग आत आला आहे, किंवा कॅटलॉगचा फोटो तिरका काढला गेला आहे. अशा वेळी हात साखळीकडे जातो: तोडावी आणि ६४ टाकून मोकळं व्हावं. तसं केलं की पोपट चौदा टक्के बुटका होतो. त्याऐवजी चित्राकडे परत जा आणि कापणी सुधारा. साखळी तोडायला लागते आहे याचा अर्थ चूक चित्रात आहे. या एका तपासणीने माझी जितकी कामं वाचली आहेत तितकी दुसऱ्या कशाने नाहीत.

माप बसल्यावर उरतं ते सरकवणं. भिंतीवर उजवं क्लिक करून `Texture > Position` घेतलं की चार रंगांच्या पिना दिसतात. लाल पीन टेक्श्चर, म्हणजे भिंतीवर लावलेलं चित्र, नुसतं सरकवते. हिरवी लहानमोठं करते आणि फिरवते. निळी तिरकं करते, पिवळी वाकवते. वॉलपेपरसाठी लाल पीन वापरा आणि बाकी तिन्हींना हात लावू नका. सरकवण्याने आकारही बिघडत नाही आणि मापही.

सरकवायचं कुठे, हा मात्र विचार करण्यासारखा प्रश्न आहे. पलंगामागच्या भिंतीवर नजर पलंगाच्या मध्यावर पडते, तेव्हा एक पट्टी बरोबर मध्यावर धरून बघा. आमच्या भिंतीवर मधली एक आणि दोन्ही बाजूंना तीन तीन अशा सात पट्ट्या ३७१ सेंटिमीटर होतात. भिंत ३६६ ची. म्हणजे दोन्ही कोपऱ्यांत जेमतेम अडीच सेंटिमीटर कापले जातात आणि दोन्ही बाजू सारख्या दिसतात. तेच जोड मध्यावर धरला असता तर आठ पट्ट्या लागल्या असत्या आणि दोन्ही कोपऱ्यांत अर्ध्याच पट्ट्या उरल्या असत्या. उभ्या दिशेने सीलिंगखाली पोपटाचं डोकं कापलं जात नाही ना एवढं बघा. खालचा भाग तसाही हेडबोर्डमागे जातो.

आणि हो, रेंडरमधल्या या पट्ट्या मोजल्या की रोलचाही हिशोब लागतो. स्कर्टिंग सोडून २६४ सेंटिमीटर उंची, वरखाली कापायला थोडं जास्त, आणि नमुना जुळवायला पुढच्या पूर्ण रिपीटपर्यंत, म्हणजे पट्टीला ३२० सेंटिमीटर जातात. १० मीटरच्या रोलमधून तीन पट्ट्या निघतात. सात पट्ट्यांना तीन रोल. जे फक्त चौरस फूट भागतात ते १०८ ला ५७ ने भागून दोन रोल आणतात आणि सातव्या पट्टीला अडतात.

बरोबर लावलेलं नंतर बिघडतं ते कशाने

भिंत ग्रुपमध्ये आहे, टेक्श्चर आतल्या पृष्ठभागावर लावलं आहे, आणि साइटवरून फोन येतो की भिंत १२ नव्हे, १३ फूट आहे. `Scale` घेऊन ग्रुप ओढला की भिंतीबरोबर पोपटही ओढले जातात. आठ टक्क्यांचा फरक, पटकन दिसत नाही. ग्रुप उघडून कडेचा पृष्ठभाग `Push/Pull` ने किंवा कडेची रेष `Move` ने सरकवा, मग फक्त भिंत वाढते.

ब्लेंडर या सॉफ्टवेअरमध्येही हाच प्रकार होतो. तिथे `Generated` कोऑर्डिनेट्स वापरले की चित्र वस्तूच्या आकाराएवढं ताणलंच जातं. साध्या सपाट भिंतीला `Object` कोऑर्डिनेट्स घ्या, `Mapping` नोडचा प्रकार `Texture` करा आणि `Scale` मध्ये मीटरमध्ये खरं माप लिहा: X ला `1.06`, Y ला `0.64`. त्याआधी `Ctrl+A` ने `Scale` लागू करायला विसरू नका. प्लेन उभं फिरवून भिंत केली असेल तर `Rotation` मात्र लागू करू नका, नाहीतर उभी दिशा Z होते आणि भिंतीवर नुसत्या उभ्या रेघा दिसतात.

रेघांवरून आठवलं. स्केचअपमध्ये खिडकीच्या बाजूच्या भिंतीवर किंवा कोनाड्याच्या आत रंग ओढल्यासारख्या रेघा दिसल्या, तर टेक्श्चर `Projected` राहिलं आहे. प्रोजेक्टरचा प्रकाश समोरच्या भिंतीवर नीट पडतो, पण काटकोनातल्या भिंतीवर लांबत जातो, तसं ते आहे. `Texture > Projected` वरची खूण काढा, समोरच्या भिंतीवरून `Paint Bucket` ने `Alt` दाबून नमुना उचला आणि मग बाजूच्या भिंतीवर टाका. डहाळी कोपऱ्यावरून वळून पुढे जाते, जशी खऱ्या कागदावर जाते.

कॅमेऱ्याचा दोष कसा ओळखायचा

कधी टेक्श्चर अगदी बरोबर असतं आणि तरी चित्राच्या कडेचे पोपट लांबट दिसतात. लहान बेडरूम एका चौकटीत मावावी म्हणून आपण कॅमेऱ्याचा कोन ७०–८० अंशांपर्यंत रुंद करतो, आणि मग बाजूच्या भिंती कॅमेऱ्याजवळ ओढल्यासारख्या होतात. हे ओळखायची एक खात्रीची खूण आहे. कॅमेऱ्याला अगदी समांतर असलेल्या सपाट भिंतीवर गोल हा गोलच राहतो, चौकटीच्या मध्यावरही आणि कडेलाही, कोन कितीही रुंद असो. तेव्हा समोरच्या भिंतीवर डाळिंब लंबगोल दिसलं तर टेक्श्चर तपासा. फक्त बाजूच्या भिंतीवर दिसलं तर कॅमेरा मागे न्या आणि कोन कमी करा. खोलीत जागा नसेल तर मागची भिंत तेवढ्यापुरती लपवा. टेक्श्चर उलट दिशेने दाबून तो दोष झाकू नका, कारण कॅमेरा हलला की तोच दोष दुसऱ्या बाजूने वर येतो.

पक्की तपासणी हवी असेल तर `Parallel Projection` मध्ये समोरून भिंत बघा आणि `Tape Measure` ने चोचीपासून चोचीपर्यंत मोजा. ६४ यायला हवेत. आणि रेंडरमध्ये मी नेहमी पलंगावर एक साधी उशी ठेवते, १७ बाय २७ इंचांची. तिची लहान बाजू ४३ सेंटिमीटर. २० सेंटिमीटरचं डाळिंब तिच्या निम्म्याहून लहान दिसलं पाहिजे. मला ही उशी त्या दिवशी आठवली असती तर सात पोपट झालेच नसते.

छापून घेतलेला वॉलपेपर

भिंतीच्या मापाने छापून घेतलेल्या वॉलपेपरचं गणित थोडं वेगळं आहे, कारण तिथे माप बदलायची मुभा असते. पण ती दोन्ही दिशांना सारखीच वापरायची. पूर्ण भिंतभर एकच जंगलाचं किंवा डोंगराचं चित्र असेल तर आधी प्रमाण बघा. आपली भिंत १२ बाय ९. चित्र १६ बाय ९ चं असेल तर ९ फूट उंचीला त्याची रुंदी १६ फूट होते. चार फूट कापायचेच आहेत, तर कुठले कापायचे ते तुम्ही ठरवा. नाहीतर ते १२ फुटांत कोंबले जातात आणि झाडं काठीसारखी बारीक होतात.

पुन्हा पुन्हा येणारा नमुना असेल तर उंचीत पूर्ण संख्या बसवता येते. २६४ सेंटिमीटरमध्ये बरोबर चार रिपीट हवे असतील तर ६४ चे ६६ करा आणि त्याच प्रमाणात १०६ चे सुमारे १०९.३. तीन टक्क्यांची वाढ आहे आणि आकार तोच राहतो. आता आडव्या दिशेनेही बरोबर सात पट्ट्या बसाव्यात असं वाटेल, कारण ३६६ भागिले सात म्हणजे सव्वाबावन्न, ५३ च्या अगदी जवळ. पण तसं केलं तर उंची तीन टक्के वाढते आणि रुंदी सुमारे १.३ टक्के घटते. पानाफुलांत ते लपून जातं. जाळी, चौकडा, वर्तुळं अशा डिझाइनमध्ये लपत नाही, चौकोन उभट दिसतात. मी एकच दिशा पूर्ण बसवते, बहुतेक उंचीची, कारण सीलिंग आणि स्कर्टिंगच्या सरळ रेषांजवळ अर्धा कापलेला नमुना लगेच डोळ्यांत येतो. रुंदीला मध्य साधते आणि दोन्ही कोपऱ्यांत सारखं कापू देते. मग जे माप मी रेंडरला दिलं तेच, तोच आकडा, छापणाऱ्याला लिहून देते: “एक रिपीट ६६ सेंटिमीटर उंच, पट्टीचा मध्य पलंगाच्या मध्यावर.” त्या बाईंच्या दुसऱ्या खोलीचं काम असंच केलं. लावून झाल्यावर त्यांनी रेंडरचा कागद भिंतीशेजारी धरला आणि वरच्या ओळीपासून एकेक पान मोजत खाली आल्या.